तापत्या भिंतीचं गणित

उन्हाळ्यात नागपूर-चंद्रपूरकडे पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेली खोली दुपारी तीनला बरी असते आणि संध्याकाळी सातला नकोशी होते. ऊन उतरलेलं असतं, पण भिंतीतली उष्णता तेव्हा कुठे आतल्या बाजूला पोहोचलेली असते. भिंत किती जाड असावी, आत थर्माकोलचा थर घालावा का, हे ठरवणाऱ्या अभियंत्याला एकच गोष्ट हवी असते: भिंतीच्या पोटात किती खोलीवर, किती वाजता, किती तापमान असेल?

याचं समीकरण फ्रान्सच्या जोसेफ फूरिए यांनी १८२२ सालच्या ग्रंथात मांडलं. शब्दांत सांगायचं तर ते सोपं आहे. भिंतीतला एखादा बिंदू शेजाऱ्यांच्या सरासरीपेक्षा थंड असेल तर तो तापतो, गरम असेल तर निवतो, आणि फरक जितका मोठा तितका बदल जलद. किती जलद, ते पदार्थावर ठरतं. साधारण काँक्रीटसाठी हा आकडा तासाला २५ चौरस सेंटीमीटरच्या आसपास धरता येतो. अडचण आहे ती समीकरण सोडवण्याची. कागदावर नेटकं उत्तर फक्त सोप्या आकारांना आणि सोप्या परिस्थितींना मिळतं. बाकी सगळीकडे आकडेमोड करत, वेळेत एकेक पाऊल टाकत पुढे जावं लागतं. हे पाऊल टाकायचं कसं, यावर सगळं अवलंबून असतं.

एक भिंत घेऊ. जाडी २० सेंटीमीटर, सगळी काँक्रीटची, सुरुवातीला सगळीकडे ३० अंश सेल्सियस. बाहेरचा पृष्ठभाग उन्हाने ५० अंशांवर गेला आणि तिथेच राहिला; आतला पृष्ठभाग ३० अंशांवर धरून ठेवला आहे. प्रत्यक्षात ऊन चढतं-उतरतं, पण हिशेब समजण्यासाठी एवढं पुरे. भिंतीत दर ५ सेंटीमीटरवर एक बिंदू मानू. दोन पृष्ठभागांची तापमानं ठाऊकच आहेत, म्हणजे अज्ञात उरले मधले तीन: बाहेरून ५ सेंटीमीटरवरचा ‘क’, बरोबर मधला ‘ख’ आणि आतल्या बाजूचा ‘ग’. वेळेचं पाऊल एक तासाचं ठेवू.

इथे एक छोटा आकडा महत्त्वाचा ठरतो. पदार्थाचा वेग-अंक (२५) गुणिले वेळेचं पाऊल (१ तास), भागिले अंतराचा वर्ग (५ × ५ = २५). उत्तर येतं १. या गुणोत्तराला फूरिए अंक म्हणतात. एका पावलात उष्णता आपल्या जाळीच्या किती घरांपर्यंत पसरू पाहते, याचा तो अंदाज देतो.

सगळ्यात आधी सुचणारी पद्धत अशी: आत्ताची तापमानं ठाऊक आहेत, त्यांवरून प्रत्येक बिंदू आत्ता किती वेगाने तापतो आहे ते काढा, आणि तो वेग तासभर तसाच राहील असं धरून पुढचं तापमान लिहा. फूरिए अंक १ असताना नियम अगदी लहान होतो: पुढचं तापमान म्हणजे डाव्या शेजाऱ्याचं अधिक उजव्या शेजाऱ्याचं, वजा स्वतःचं. कागद-पेन्सिल घेऊन कुणालाही करता येईल. उत्तरं अशी येतात:

```
तास     क      ख      ग
 ०      ३०     ३०     ३०
 १      ५०     ३०     ३०
 २      ३०     ५०     ३०
 ३      ७०     १०     ५०
 ४     −१०    ११०    −१०
```

चार तासांत भिंतीच्या मध्यभागी पाणी उकळावं आणि दोन्ही बाजूंना बर्फ व्हावा, असं हे उत्तर सांगतं. बेरीज-वजाबाकी कुठेही चुकलेली नाही. समीकरणही बरोबर आहे. बिघडलं आहे ते पाऊल टाकण्याच्या रीतीत: ‘आत्ताचा वेग तासभर टिकेल’ हे गृहीत खोटं आहे. ‘क’ तापू लागला की त्याचा तापण्याचा वेग लगेच कमी व्हायला हवा, पण हिशेबाला ते कळतं तासाभराने. तोवर तो नको तितका पुढे गेलेला असतो. मग पुढच्या पावलात तेवढाच जोरात मागे येतो, आणि प्रत्येक फेरीत हा हेलकावा मोठा होत जातो. शेजारशेजारचे बिंदू वर-खाली, वर-खाली अशा करवतीच्या दात्यांसारख्या चढउताराला या रीतीत फूरिए अंक १ असताना दर पावलाला उलटवून जवळपास तिपटीने वाढवलं जातं.

हे टाळायचं तर फूरिए अंक अर्ध्याच्या वर जाऊ द्यायचा नाही, असा नियम आहे. आपल्या भिंतीसाठी त्याचा अर्थ पाऊल अर्ध्या तासाचं. तेवढं परवडेल. पण ५ सेंटीमीटरची जाळी फार जाडीभरडी झाली. ती १ सेंटीमीटरची केली तर अंतराचा वर्ग पंचवीस पटींनी लहान होतो आणि पाऊल ७२ सेकंदांवर येतं. जाळी १ मिलिमीटरची केली तर पाऊल एका सेकंदाहूनही कमी, आणि एका दिवसाच्या हिशेबाला सव्वा लाखाच्या घरात पावलं. भिंतीतलं तापमान तासातासाने सावकाश बदलत असतं, तरी आपल्याला सेकंदाचं पाऊल टाकावं लागतं, आणि तेही फक्त हिशेब फुटू नये म्हणून.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हीच अडचण मँचेस्टरमध्ये डग्लस हार्ट्री यांच्या गटात काम करणाऱ्या दोन तरुणांसमोर आली. जॉन क्रँक १९१६ सालचे, फिलिस निकोल्सन १९१७ सालच्या. त्यांच्यासमोरचा प्रश्न आपल्या भिंतीपेक्षा अवघड होता: पदार्थातून उष्णता वाहते आहे आणि त्याच वेळी आत चाललेल्या रासायनिक क्रियेमुळेही तापमान बदलतं आहे. आजच्यासारखे संगणक नव्हते. लाखभर पावलं टाकणं हा पर्यायच नव्हता. त्यांनी जी रीत शोधली ती १९४७ मध्ये केंब्रिज फिलॉसॉफिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आली. आज तिला क्रँक-निकोल्सन पद्धत म्हणतात आणि उष्णतेच्या समीकरणावरच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात ती असते.

त्यांची कल्पना समजायला एक रोजचं उदाहरण पुरेल. एसटी तासाच्या सुरुवातीला ताशी ४० किलोमीटरने जात होती आणि तास संपताना ६० ने. तासाभरात ती किती गेली? सुरुवातीचाच वेग धरला तर ४०, शेवटचाच धरला तर ६०, आणि दोन्हींची सरासरी घेतली तर ५०, जे खऱ्याच्या सर्वांत जवळ असण्याची शक्यता आहे. क्रँक आणि निकोल्सन यांनी उष्णतेबाबत हेच केलं. बिंदू तासभरात किती तापेल, हे ठरवताना तासाच्या सुरुवातीचा तापण्याचा वेग आणि तासाच्या शेवटचा तापण्याचा वेग यांची सरासरी घ्यायची.

फूरिए अंक १ असताना हा नियम फार देखणा होतो. प्रत्येक बिंदूचं नवं तापमान म्हणजे चार आकड्यांची सरासरी: डाव्या शेजाऱ्याचं जुनं आणि नवं, उजव्या शेजाऱ्याचं जुनं आणि नवं. स्वतःचं जुनं तापमान हिशेबातून पार गळून पडतं.

आता साहजिक शंका येईल की शेजाऱ्याचं नवं तापमान आपल्याला कुठे माहीत आहे? तेच तर काढायचं आहे. ‘क’ला ‘ख’चं नवं तापमान हवं, ‘ख’ला ‘क’ आणि ‘ग’ दोघांचं हवं. म्हणून या रीतीत एकेक बिंदू सुटा सोडवता येत नाही. सगळ्यांची समीकरणं एकत्र मांडून एकदम सोडवावी लागतात. अशा रीतींना इम्प्लिसिट म्हणतात, कारण उत्तर समीकरणाच्या पोटात दडलेलं असतं. आपल्या भिंतीच्या पहिल्या तासासाठी ती समीकरणं ही:

```
 ४क −  ख       = १३०
−क  + ४ख −  ग  =  ६०
    −  ख + ४ग  =  ९०
```

पहिल्या ओळीतले १३० आले कुठून? बाहेरच्या पृष्ठभागाचे जुने ५०, नवे ५० आणि ‘ख’चे जुने ३०. बाकीच्या ओळीही तशाच.

या मांडणीकडे नीट पाहा. कुठल्याही ओळीत तीनपेक्षा जास्त अज्ञात नाहीत, कारण प्रत्येक बिंदूचा संबंध फक्त दोन्हीकडच्या शेजाऱ्यांशी येतो. तीनऐवजी हजार बिंदू घेतले तरी ओळी हजार होतील, पण प्रत्येक ओळीत आकडे तीनच. सगळे आकडे चौकटीत मांडले तर मुख्य कर्णावर आणि त्याच्या वर-खालच्या दोन कर्णांवरच ते दिसतात, बाकी सगळी शून्यं. याला ट्रायडायगोनल मांडणी म्हणतात, आणि ती सोडवायला एकदा खाली उतरायचं आणि एकदा वर चढायचं एवढं पुरतं.

उतरताना: पहिल्या ओळीवरून ‘क’ म्हणजे ३२.५ अधिक ‘ख’चा चौथा हिस्सा. हे दुसऱ्या ओळीत घातलं की तिथून ‘क’ नाहीसा होतो आणि उरतं: ३.७५ ख वजा ग बरोबर ९२.५. म्हणजे ‘ख’ आता फक्त ‘ग’च्या भाषेत लिहिता येतो. तो तिसऱ्या ओळीत घातला की एकटा ‘ग’ उरतो आणि त्याचं उत्तर मिळतं ३०.७. आता वर चढायचं: ‘ग’वरून ‘ख’ येतो ३२.९, आणि ‘ख’वरून ‘क’ येतो ४०.७. झालं.

या उतर-चढीच्या रीतीला थॉमस अल्गोरिदम म्हणतात. लूएलिन थॉमस या भौतिकशास्त्रज्ञाचं नाव तिला मिळालं आहे. तिचं मोल बिंदू वाढल्यावर कळतं. हजार अज्ञातांची कुठलीही समीकरणं सरसकट रीतीने सोडवायची तर सुमारे ६६ कोटी बेरजा-गुणाकार लागतात. ट्रायडायगोनल मांडणी असेल तर आठ-नऊ हजारांत काम उरकतं. शिवाय प्रत्येक ओळीत मधला आकडा बाजूच्या दोघांच्या बेरजेहून मोठा असतो (इथे ४ विरुद्ध २), त्यामुळे भागाकारात कुठे शून्याच्या जवळचा आकडा येऊन गाडी अडत नाही आणि ओळींची अदलाबदलही करावी लागत नाही. म्हणजे एका पावलाचा खर्च त्या साध्या रीतीच्या काही पट इतकाच राहतो, आणि पावलं मात्र खूप मोठी टाकता येतात.

उत्तर कितपत बरोबर आहे, तेही तपासू. आपल्या भिंतीचा प्रश्न इतका सोपा आहे की त्याचं अचूक उत्तर सूत्राने काढता येतं. तासाभरानंतर ते ३९.६, ३३.१ आणि ३०.७ असं आहे; आपलं आलं ४०.७, ३२.९, ३०.७. पृष्ठभाग एकदम वीस अंशांनी तापला, त्या झटक्यामुळे ‘क’वर एका अंशाची चूक झाली. आणखी एक तास पुढे गेलो की आपलं उत्तर ४२.३, ३६.५, ३२.३ येतं आणि अचूक उत्तर आहे ४२.३, ३६.३, ३२.४. ज्या जाळीवर आणि ज्या पावलावर साध्या रीतीने ११० अंश दाखवले, तिथेच ही रीत दोन तासांनी अंशाच्या दशांशांत बरोबर येते.

हिशेब फुटत का नाही, याचं उत्तर त्या करवतीच्या दात्यांतच आहे. साध्या रीतीत फूरिए अंक १ असेल तर दाते दर पावलाला तिपटीने वाढतात, हे आपण पाहिलं. सरासरीच्या रीतीत तेच दाते दर पावलाला एक-तृतीयांशावर येतात. फूरिए अंक १० असेल तर ते एकवीसातल्या एकोणीस भागांवर येतात, १०० असेल तर दोनशे एकातल्या एकशे नव्व्याण्णव भागांवर. पाऊल कितीही वाढवा, हा अपूर्णांक एकच्या जवळ जातो पण एकला कधीच गाठत नाही. म्हणून दाते वाढू शकत नाहीत. गणिती भाषेत ही रीत कोणत्याही पावलाला स्थिर आहे.

इथेच बऱ्याच जणांची फसगत होते. ‘कोणत्याही पावलाला स्थिर’ याचा अर्थ ‘कोणत्याही पावलाला बरोबर’ असा घेतला जातो. वरचे अपूर्णांक पुन्हा पाहा: पाऊल मोठं असताना दाते वाढत नाहीत हे खरं, पण विरतही नाहीत, आणि प्रत्येक पावलाला चिन्ह उलटवतात. आपल्याच भिंतीवर एकदम दहा तासांचं पाऊल टाकून पाहू. पहिल्या पावलानंतर ‘क’चं तापमान येतं ५४.६ अंश. बाहेरचा पृष्ठभाग ५० अंशांवर आहे, आतला ३० वर, भिंतीत उष्णता निर्माण होत नाही. मग आतला बिंदू ५० च्या वर कसा जाईल? दुसऱ्या पावलानंतर ‘क’ ३८.४, तिसऱ्यानंतर ४९.८. खरं तर दहा तासांत भिंत जवळजवळ स्थिरावलेली असते आणि ‘क’ ४५ अंशांवर असायला हवा. हिशेब ४५ च्या भोवती झुलत राहतो, हळूहळू शांत होतो, पण मधल्या काळातले आकडे कामाचे नसतात. फूरिए अंक १ किंवा त्याहून कमी असेल तर असं कधीच होणार नाही, याची हमी देता येते. त्याहून मोठ्या अंकांवर तापमान सुरुवातीपासून सौम्यपणे बदलत असेल तर सहसा निभतं. झटका असेल, म्हणजे पृष्ठभाग एकदम तापला, लालबुंद लोखंड पाण्यात घातलं, तर हे झोके दिसतात.

त्यावर एक भाऊबंद रीत आहे. तिच्यात सरासरी न घेता फक्त तासाच्या शेवटचा वेग धरतात. समीकरणं तशीच ट्रायडायगोनल राहतात, पण दाते चिन्ह न बदलता झपाट्याने मरतात: फूरिए अंक १० असताना एका पावलात एक्केचाळिसाव्या भागावर. दहा तासांच्या पावलावर ही रीत ‘क’ला ४३.५ अंश देते, शहाणपणाचं उत्तर. मग तीच का वापरू नये? कारण लहान पावलांवर ती अचूकतेत मागे पडते. आपल्या दोन तासांच्या हिशेबात तिने ‘क’ला ४१.० दिले असते, जिथे अचूक उत्तर ४२.३ आहे. पाऊल निम्मं केलं तर तिची चूक निम्मी होते. सरासरीच्या रीतीची चूक, सगळं सौम्य असेल तर, चौथ्या हिश्श्यावर येते. म्हणून जाणकार दोन्ही जोडतात. सुरुवातीची एक-दोन पावलं या भाऊबंद रीतीने, अर्ध्या-अर्ध्या तुकड्यांत टाकायची, झटक्याचे दाते तिथेच मारायचे, आणि पुढे क्रँक-निकोल्सनने चालायचं. हा उपाय रोल्फ रान्नाखर यांच्या १९८४ च्या कामावरून ओळखला जातो.

आणखी एक मर्यादा भिंतीच्या कोपऱ्यात दिसते. तिथे उष्णता दोन दिशांनी वाहते, बिंदूला दोनऐवजी चार शेजारी होतात, आणि तीन कर्णांची सुटसुटीत मांडणी मोडते. १९५५ मध्ये पीसमन आणि रॅशफर्ड यांनी त्यावर तोड काढली: अर्धं पाऊल आडव्या दिशेने इम्प्लिसिट, अर्धं उभ्या दिशेने. मग प्रत्येक ओळ पुन्हा ट्रायडायगोनल होते आणि उतर-चढीची तीच रीत चालते.

सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला हा सगळा हिशेब हाताने करावा लागत नाही, पण आलेल्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा का, हे त्यालाच ठरवावं लागतं. त्यासाठी तीन गोष्टी पाहाव्यात. आत उष्णतेचा स्रोत नसताना एखादा बिंदू सुरुवातीच्या आणि पृष्ठभागांच्या सर्वांत जास्त तापमानापेक्षा गरम किंवा सर्वांत कमीपेक्षा थंड दिसतो का? एकाच बिंदूचं तापमान पावलागणिक वर-खाली, वर-खाली होतं का? आणि पाऊल निम्मं केलं तर उत्तर हलतं का? शेवटची तपासणी सर्वांत खात्रीची. आपल्या भिंतीत दोन तासांनंतरचा ‘क’ एकाच पावलात काढला तर ४५.२ येतो, दोन पावलांत ४२.३, चार पावलांत पुन्हा ४२.३. पहिल्या उत्तरात ना स्फोट आहे, ना ५० च्या वरचा आकडा. दिसायला ते निर्दोष आहे आणि तरी तीन अंशांनी चुकलेलं आहे. ते चुकलंय हे कळलं ते केवळ पाऊल निम्मं करून पाहिलं म्हणून. मोठं पाऊल टाकण्याची मोकळीक क्रँक आणि निकोल्सन यांनी दिली. ते किती मोठं असावं, हे प्रत्येक नव्या भिंतीसाठी असं तपासूनच ठरवावं लागतं.